वाडा वाचला, पण वाड्यातली माणसं? – सेमिनार निबंधाच्या निमित्ताने



यंदा आमच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला सेमिनार निबंधासाठी 'जुन्या शहरांचं जतन' हा विषय होता. पहिल्या खेपेला जे निबंध आले ते तुमच्याही ओळखीचे असतील. वारसा म्हणजे काय, तो का जपावा, सरकारने काय करावं, नागरिकांनी काय करावं, आणि शेवटी 'जतन ही काळाची गरज आहे'. चूक काही नव्हतं, पण मुद्दाही काही नव्हता. एका मुलीचा निबंध मात्र दीड पानावरच थांबला होता. ती जुन्या पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत राहते, आजोबांपासूनचं भाड्याचं घर आहे. तिने शेवटी पेन्सिलीने लिहिलं होतं, "मॅडम, वाडा वाचवला तर आम्ही तिथे राहणार का?"

मी तिला म्हटलं, हाच तुझा निबंध. बाकीचं दीड पान खोडून टाक.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तीन आठवडे त्या एका प्रश्नाचं उत्तर शोधलं. ते कसं शोधलं आणि काय हाती लागलं ते इथे मांडते आहे. तुमच्या वर्गात कुणी हा विषय घेतला, किंवा घरात मुलाला असा प्रकल्प मिळाला, तर उपयोगी पडेल. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला ते तपासता येईल. जुनी वस्ती जपताना तिथल्या भाडेकरूंच्या राहण्याची तरतूद जतनाच्या आराखड्यातच लिहिलेली नसेल, तर जतनाचं कामच त्यांना बाहेर काढतं. कुणी दुष्ट असावं लागत नाही. हिशेबच तसा होतो.

आधी शब्द

इंग्रजीतून आलेला शब्द आहे जेन्ट्रिफिकेशन. तो १९६४ साली लंडनमध्ये रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ बाईंनी वापरला. इस्लिंग्टनसारख्या कामगारवस्त्यांमधली जुनी, खोली-खोलीने भाड्याने दिलेली घरं मध्यमवर्गीय लोक विकत घेत होते, दुरुस्त करत होते, आणि बघता बघता वस्तीतले मूळ कामगार निघून जात होते. 'जेन्ट्री' म्हणजे सरदार-उमरावांच्या खालोखालचा खानदानी वर्ग. बाईंच्या शब्दात थोडा टोमणा आहे, तो मुलांना सांगावा, नाहीतर शब्द नुसता पाठ होतो. मराठीत याला सर्वांनी स्वीकारलेला शब्द नाही. मी वर्गात 'वस्ती वरच्या वर्गाच्या हातात जाणं' असंच म्हणते. लांब आहे, पण कळतं.

आता उदाहरण. मुलांनी आधी दहा शहरांची नावं गोळा केली होती. मी सांगितलं, दहा नकोत, एक घ्या आणि त्याच्या मुळाशी जा. आम्ही पॅरिसमधला मारे हा भाग घेतला. जुनी वस्ती कायद्याने, अख्खीच्या अख्खी जपण्याचा तो सुरुवातीचा आणि गाजलेला प्रयोग. शिवाय तिथल्या जनगणनेचे आकडे प्रभागवार मिळतात, त्यामुळे नुसत्या हळहळीवर भागवावं लागत नाही.

मारे: हवेल्या, कारखाने आणि एक कायदा

मारे या शब्दाचा अर्थच दलदल. सतराव्या शतकात इथे सरदारांच्या मोठमोठ्या हवेल्या उभ्या राहिल्या. पुढे राजाचा दरबार व्हर्सायला गेला, श्रीमंतांची पसंती शहराच्या दुसऱ्या बाजूला वळली आणि हवेल्या रिकाम्या पडल्या. रिकामी जागा फार दिवस रिकामी राहत नाही. एकोणिसाव्या शतकात त्या हवेल्यांच्या खोल्या-खोल्यांत कारागीर राहायला आले. दागिने घडवणारे, कांस्याचं ओतकाम करणारे, चामड्याच्या वस्तू आणि टोप्या शिवणारे. हवेलीच्या मधल्या चौकात काचेचं छप्पर टाकून कारखाना, वरच्या मजल्यावर घर. पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांनी रोझिए गल्लीच्या आसपास आपला मोहल्ला वसवला. या मोहल्ल्यावर पहिला घाला जतनाचा नव्हता, हेही मुलांना सांगायला हवं. १९४२ साली नाझींच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये इथल्या कितीतरी ज्यू कुटुंबांना पकडून छळछावण्यांकडे पाठवण्यात आलं. मारेमधून माणसं नाहीशी होण्याची गोष्ट जतनाच्या कायद्यापासून सुरू होत नाही.

महायुद्धानंतर या भागाची अवस्था वाईट होती. भिंती ओलसर, एका मजल्याला एक संडास, छपरं गळकी. सरळ पाडून टाकावं असं म्हणणारे पुष्कळ होते आणि काही भाग पाडलाही गेला. तेव्हाचे सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्या पुढाकाराने ४ ऑगस्ट १९६२ रोजी कायदा झाला. त्यात नवी गोष्ट अशी होती, की एखादी सुटी वास्तू न जपता सबंध वस्तीच 'संरक्षित विभाग' म्हणून जाहीर करायची. १९६४ साली मारेचा सुमारे १२६ हेक्टरचा विभाग असा जाहीर झाला.

कायदा चांगला होता, हे निबंधात स्पष्ट लिहायला मी मुलांना लावलं. तो नसता तर आज तिथे काय उरलं असतं, कोण जाणे. आणि 'भाडेकरूंना हाकला' असं त्यात कुठेही म्हटलेलं नव्हतं.

मग झालं काय? आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदांनी हवेल्यांचं मूळ रूप परत आणायचं ठरवलं. मूळ रूप म्हणजे कोणतं? त्यासाठी आधार घेतला १७३९ सालच्या प्रसिद्ध त्युर्गो नकाशाचा, ज्यात पॅरिसची एकूण एक इमारत चित्रासारखी काढलेली आहे. त्या नकाशात जे चौक मोकळे दिसत होते ते पुन्हा मोकळे करायचे. म्हणजे चौकात नंतर उभे राहिलेले कारखाने, पत्रे, काचेची छपरं काढून टाकायची. या कामाला त्यांनी जो शब्द वापरला तो दाताच्या डॉक्टरांकडचा किंवा शस्त्रक्रियेतला वाटतो, खरवडून काढणं अशा अर्थाचा.

इथे वर्गात मी थांबले आणि विचारलं, चौकातला कारखाना गेला तर वरच्या मजल्यावरच्या माणसाचं काय? उत्तर लगेच आलं, कारण आमच्या गावात हे सगळ्यांनी पाहिलंय. काम गेलं की घराचा अर्थ जातो. तो माणूस ओलसर खोलीत का राहत होता? खाली उतरलं की कामाची जागा, म्हणून. कारखाना उपनगरात गेला की तोही आज ना उद्या जाणार. त्याला कुणी नोटीस द्यायचीही गरज नाही.

नकाशातलं एक साल निवडलं आणि त्यानंतरची दोनशे वर्षं 'भेसळ' ठरली. माझ्या मते निबंधातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. कोणता काळ जपायचा हे ठरवताना कुणाचा काळ पुसायचा हेही ठरत असतं. पुढे तिथली धोरणं बदलली, कारागिरांच्या इमारतींनाही वारसा मानलं जाऊ लागलं, पण तोवर कारागीर फारसे उरले नव्हते.

आकडे कसे वाचायचे

मारे हा भाग मुख्यतः पॅरिसच्या तिसऱ्या आणि चौथ्या प्रभागात येतो. १९६२ च्या जनगणनेत या दोन प्रभागांत मिळून सुमारे १ लाख २४ हजार माणसं होती. १९७५ मध्ये ८२ हजार. १९९९ मध्ये साधारण ६५ हजार. म्हणजे ३७ वर्षांत जवळपास निम्मी माणसं कमी झाली.

आमचा एक विद्यार्थी लगेच लिहून मोकळा झाला, 'जतनामुळे साठ हजार लोक विस्थापित झाले.' इथे शिक्षक म्हणून आपलं काम सुरू होतं. हे वाक्य खोडायला हवं, आणि का ते समजवायला हवं.

पहिलं म्हणजे, त्याच काळात सगळ्या पॅरिस शहराचीच लोकसंख्या २७ लाख ९० हजारांवरून २१ लाख २५ हजारांवर आली. म्हणजे सुमारे २४ टक्के घट. कुटुंबं लहान झाली, लोक उपनगरात गेले. मारेच्या दोन प्रभागांत घट आहे ४८ टक्के. शहराच्या दुप्पट. म्हणजे निम्मी घट सगळ्या शहराच्या वाटेची धरली तरी उरलेल्या निम्म्या घटीला या भागातलंच काहीतरी कारण असणार.

दुसरं, त्या उरलेल्या घटीतही सगळी जबरदस्ती नाही. एका खोलीत सहा माणसं राहत होती, दोन खोल्यांचं एक घर केलं, संडास-न्हाणी आत आली, तिथे आता दोन माणसं राहतात. गर्दी कमी होणं हे वाईट नाही. प्रश्न असा, की ती दोन माणसं कोण? जुन्या सहांपैकी दोघं, की दुसरीच कुणी?

तिसरं, हे दोन प्रभाग आणि संरक्षित विभाग यांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत. चौथ्या प्रभागात सेन नदीतली बेटंही येतात. निबंधात हे एका वाक्यात कबूल करायचं. त्याने मुद्दा कमकुवत होत नाही, उलट वाचणाऱ्याचा विश्वास बसतो.

आणि एक अडचण अशी, जी आकड्यांनी सुटतच नाही. तुम्ही वस्तीत जाऊन मुलाखती घ्याल तर भेटतील राहिलेली माणसं. गेलेली भेटणार कुठे? पाहणी जितकी उशिरा होईल तितकं चित्र गोड दिसतं, कारण तक्रार करणारेच निघून गेलेले असतात. म्हणून आमच्या मुलांना मी मुलाखतींवर न थांबता जुन्या खुणा शोधायला सांगितल्या. जुनी मतदार यादी आणि नवी मतदार यादी शेजारी ठेवून आडनावं पाहणं. दुकानांच्या पाट्या. आणि आपल्यासारख्यांच्या हाताशी असलेली सगळ्यात बोलकी वही म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. जुन्या भागातल्या शाळेत पहिलीच्या तुकड्या किती होत्या आणि किती झाल्या, दाखले मध्येच कोणत्या वर्षी जास्त निघाले, पुढची शाळा कुठली. हे आपण रोज बघतो आणि 'पट कमी झाला' म्हणून सोडून देतो. (नावं उतरवायची नाहीत, फक्त संख्या आणि गावं. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊनच.)

अमेरिकेतले नियोजनतज्ज्ञ पीटर मार्क्यूस यांनी १९८५ साली इथे एक उपयोगी भेद सांगितला. एक विस्थापन थेट असतं, म्हणजे घर खाली करायला लावलं, किंवा भाडं परवडेना म्हणून सोडलं. दुसरं न दिसणारं. एक म्हातारा भाडेकरू स्वखुशीने मुलाकडे गेला किंवा वारला. कुणावर अन्याय झाला नाही. पण त्याची खोली पूर्वी त्याच्यासारख्याच कुणा कारागिराला मिळाली असती, ती आता त्याच्यासारख्या कुणालाच मिळणार नाही. मारेमध्ये हे दुसरं फार झालं असणार. त्या काळातल्या फ्रान्समध्ये १९४८ च्या भाडे कायद्याने जुन्या भाडेकरूंना बऱ्यापैकी संरक्षण होतं. माणूस टिकून राहायचा, पण त्याच्या पश्चात दार बंद.

हिशेब फळ्यावर

आता मूळ प्रश्न. हे असं का होतं? मुलं सुरुवातीला 'मालक लोभी असतात' एवढ्यावर थांबली. मी म्हटलं, तुम्ही मालक व्हा आणि हिशेब करा. पुढचे आकडे मी वर्गापुरते घेतलेले आहेत, कुठल्याही खऱ्या इमारतीचे नाहीत.

एक जुना वाडा, दहा खोल्या, दहा भाडेकरू, प्रत्येकी महिना ३०० रुपये भाडं. मालकाला वर्षाला मिळतात ३६ हजार. वाडा नियमाप्रमाणे, म्हणजे चुन्यात, सागवानी तुळया बदलून नीट दुरुस्त करायचा तर खर्च समजा ९० लाख. याच भाडेकरूंकडून याच भाड्यात हा खर्च निघायला किती वर्षं लागतील? ९० लाख भागिले ३६ हजार. अडीचशे वर्षं!

वर्गात हशा पिकला. पण मग सगळे गप्प झाले, कारण मालक वाडा का पडू देतो याचं उत्तर फळ्यावर होतं.

आता दुसरा हिशेब. दहा खोल्यांची पाच ऐसपैस घरं केली. वस्ती संरक्षित, शेजारी कधी टॉवर येणार नाही याची हमी, समोर दगडी फरसबंदी, संग्रहालय दोन मिनिटांवर. एका घराला महिना ३० हजार भाडं मिळालं तर वर्षाला १८ लाख. ९० लाख पाच वर्षांत वसूल.

आज मिळतं ते भाडं आणि मिळू शकेल ते भाडं यांतली ही दरी. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ साली मांडलं, की ही दरी पुरेशी रुंद झाली की पैसा वस्तीकडे वळतो, आणि माणसांची आवडनिवड त्यामागून येते. वर्गात यावर वाद झाला. काहींचं म्हणणं, आवड आधी असते, जुन्या घरांची हौस असलेली माणसं आधी येतात. दोन्ही बाजूंनी जाणकार लिहीत आले आहेत, तेव्हा मुलांनी वाद मिटवायची गरज नाही, आपण कुठल्या बाजूचे आणि का एवढं लिहावं.

पण जतनाचा यात नेमका हात काय, हे निबंधात सुटता कामा नये. दोन गोष्टी. एक, संरक्षणाचा नियम धोका काढून टाकतो. पूर्वी इथे पैसा घालायला लोक घाबरायचे, कारण शेजारचा वाडा उद्या कोसळेल की काय. आता सरकारनेच हमी दिली. दोन, नियमाने मजले वाढवता येत नाहीत. नव्या इमारतीत मालक वर चार मजले चढवून ते विकतो आणि त्यातून जुन्या भाडेकरूंना सामावू शकतो. संरक्षित वाड्यात तो मार्ग बंद. मग खर्च काढायचा एकच मार्ग उरतो, असलेल्या खोल्यांचीच किंमत वाढवणं. म्हणजे ज्या नियमाने वाडा वाचतो त्याच नियमाने भाडेकरूवरचा दाब वाढतो. म्हणूनच मी म्हटलं की कुणी दुष्ट असावं लागत नाही.

बोलोन्यात वेगळं काय केलं

इथवर आल्यावर मुलं निराश झाली. तेव्हा मी त्यांना इटलीतल्या बोलोन्या शहराचं उदाहरण दिलं. तोलायला दुसरा काटा हवाच, नाहीतर 'असंच होतं' यापलीकडे निबंध जात नाही.

बोलोन्याच्या महापालिकेने १९६९ मध्ये जुन्या शहराच्या जतनाचा आराखडा केला. त्यामागे मुख्य डोकं पिएर लुइजी चेर्वेलाती या वास्तुविशारद नगरसेवकाचं. त्यांनी आधी घरांचे प्रकार पाडले. मोठे मठ, वाडे वेगळे, त्यांत वाचनालय, शाळा, वस्तीच्या सोयी. आणि कारागीर-कामगारांची अरुंद दर्शनी, आत लांबच लांब, मागे परस असलेली घरांची रांग वेगळी, ती घरं म्हणून राहायची आणि गरिबांसाठी राहायची. १९७३ मध्ये त्यांनी एक धाडस केलं. सरकारी गृहनिर्माणाचा पैसा, जो सगळीकडे शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनीवर नव्या इमारती बांधायला जायचा, तो जुन्या शहरातल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीला लावायचा. पाच जुन्या वस्त्या त्यासाठी निवडल्या.

पहिला विचार होता घरं सक्तीने संपादन करण्याचा. तो फसला. कारण मालक म्हणजे सगळे बडे नव्हते. एखादं छोटं घर असलेला सुतार, विधवा बाई, असे पुष्कळ. त्यांनी विरोध केला आणि पालिकेने माघार घेतली. मग मार्ग काढला कराराचा. पालिका दुरुस्तीला पैशाची मदत करणार, त्या बदल्यात मालकाने ठरलेल्या भाड्यात जुन्याच भाडेकरूला परत घ्यायचं आणि ठरावीक वर्षं तसंच ठेवायचं.

आमच्या फळ्यावरच्या वाड्याला हे लावून बघा. ९० लाखांपैकी ६० लाख पालिकेने दिले. भाडं ३०० वरून करारात १५०० ठरलं, भाडेकरूला जड पण शक्य. वर्षाला १ लाख ८० हजार. मालकाचे ३० लाख साधारण १७ वर्षांत निघतात. अडीचशे वर्षांवरून सतरावर आलो. मालकाला पाच वर्षांतली वसुली मिळाली नाही, पण वाडाही वाचला आणि माणसंही. फरक कुठून आला? ६० लाख सार्वजनिक पैशातून. हे लपवायचं नाही. जे कुणी 'माणसं न हलवता जतन करा' म्हणतात त्यांनी ती रक्कम कोण देणार तेही सांगायला हवं.

दुसरी हुशारी तात्पुरत्या घरांची. दुरुस्ती चालू असताना लोक राहणार कुठे? पालिकेने त्याच वस्तीतल्या मोकळ्या पडलेल्या जागांवर जुन्याच नमुन्याची घरं बांधली आणि कुटुंबांना आळीपाळीने तिथे ठेवलं. शाळा तीच, वाणी तोच, शेजार तोच.

हे वाचल्यावर मुंबईची आठवण न होणारा मराठी माणूस नसेल. आपल्याकडेही उपकरप्राप्त जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचा कायदा १९६९ मध्येच झाला आणि संक्रमण शिबिरंही आली. पण शिबिर बहुधा दूर उपनगरात, आणि 'काही महिन्यां'साठी गेलेल्या कुटुंबांची त्यात दशकं गेली. माझ्या एका वर्गमैत्रिणीचं शिक्षण, लग्न, सगळं संक्रमण शिबिरातून झालं. संक्रमण संपलंच नाही. वस्ती तात्पुरती सोडली की परतीची शक्यता अंतरागणिक कमी होते. बोलोन्याने हे ओळखलं होतं.

भाडं गोठवण्याचाही तोच धडा. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी जुन्या पातळीवर बांधली गेली, त्याने भाडेकरू टिकला पण इमारत झिजली. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली, पण चार टक्क्यांनी ३०० चे १५०० व्हायला चाळीसहून जास्त वर्षं लागतात. चक्रवाढीचं गणित आहे, आठवी-नववीच्या मुलांकडून करून घ्या. गोठवलेलं भाडं ढाल असतं, पण ढालीने छप्पर दुरुस्त होत नाही.

बोलोन्यालाही डोक्यावर घेऊ नका, असं मी मुलांना बजावलं. काम फार हळू झालं, पैसा कमी पडला, प्रत्यक्षात दुरुस्त झालेली घरं शेकड्यांतच राहिली. विद्यापीठाचं शहर असल्यामुळे विद्यार्थ्यांना खाटेवर भाड्याने द्यायचा धंदा फायद्याचा ठरला आणि कराराबाहेरच्या घरांची भाडी वाढलीच. कराराची वर्षंही कधीतरी संपतात. तरीही एक गोष्ट बोलोन्याने सिद्ध केली. माणसांचं राहणं हा जतनाच्या आराखड्याचा भाग होऊ शकतो. १९७५ मध्ये युरोपच्या वारसा सनदेत जुन्या घरांच्या जतनाने तिथल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना हलवावं लागू नये, हा विचार आला, त्याआधी बोलोन्यात तो विटा-चुन्यात उतरला होता.

निबंध तपासताना

मी गुण देताना तीन ठिकाणी थांबले. विद्यार्थ्याने मालकाची बाजू हिशेबासकट मांडली आहे का? घट आणि विस्थापन यांत फरक केला आहे का? आणि उपाय सुचवला असेल तर पैसे कुणाचे, हे लिहिलं आहे का? 'शासनाने लक्ष द्यावं' याला मी शून्य देते, मुलांना ते आता माहीत आहे.

पालकांसाठी एकच. मूल जुन्या पेठेत प्रकल्पासाठी जाणार असेल तर त्याला फोटो काढायच्या आधी दोन-तीन घरांत बसून चहा प्यायला सांगा. कोरीव खांब सगळेच टिपतात. भाडं किती, दुरुस्ती शेवटची कधी, मालक कुठे असतो, आणि वाडा नीट झाला तर तुम्ही इथेच राहणार का, हे विचारायला जरा ओळख लागते.

त्या मुलीने शेवटी निबंध पूर्ण केला. तिने मारे आणि बोलोन्या दोन पानांत आटोपलं आणि बाकीची सहा पानं स्वतःच्या वाड्यावर लिहिली. दहा नाही, तिच्या वाड्यात चौदा बिऱ्हाडं होती, आता पाच आहेत. गेलेल्या नऊ बिऱ्हाडांपैकी सात कुठे गेली ते तिने आजीच्या मदतीने शोधून काढलं आणि शहराच्या नकाशावर टिंबं दिली. सगळी टिंबं नदीपलीकडे, हायवेच्या बाजूला. दोन बिऱ्हाडांचा पत्ता अजून लागायचाय. ती म्हणते, दिवाळीच्या सुट्टीत शोधते.